मामींनी तीच गाडी मागितली

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढं आयुष्य ट्रॅक्टरवर गेलं, ऊस ओढण्यात. तेव्हा लिहिण्यात चुका निघतील, त्या निघू द्या.

आमची ही आश्विनात गेली, दसऱ्याच्या तोंडावर. सांगलीला दवाखान्यात होती, तिथनंच गेली. तिला नेलं ते आमच्याच गाडीतनं, मी चालवत. गाडी मुलानं घेतलेली, पांढरी, पेट्रोलची. मुलगा फौजेत आहे, वर्षातनं एकदा सुट्टीला येतो, म्हणजे गाडी आमच्या दोघांचीच. तिचं कार्य झाल्यावर मी गाडी गोठ्याच्या शेडमध्ये लावली, वर ताडपत्री टाकली आणि हँडब्रेक ओढून बाहेर आलो. खंडेनवमीला पूजा केली नाही. घरात दुखवटा, पूजा कसली.

तिच्या आईचं, म्हणजे माझ्या सासूचं माहेर-सासर सगळं पाटणकडं. मी त्यांना मामी म्हणतो. हिच्या आजारपणातच मामी अंगणात पडल्या आणि खुबा मोडला. लेक गेली तेव्हा त्या कराडला दवाखान्यात पाय बांधून पडलेल्या. मातीला येता आलं नाही, दहाव्याला येता आलं नाही. त्यांच्या मुलांनी माहेरचं सगळं करून दिलं, पण म्हातारीनं काही डोळ्यानं बघितलं नाही.

चैत्रात त्यांचा फोन आला. चालायला लागल्या होत्या, काठी घेऊन.

"जावईबापू, मला न्यायला या."

"येतो की मामी. पलूसहून भाड्याची गाडी सांगतो."

"भाड्याची नगं. माझ्या पोरीला ज्या गाडीतनं नेलं, ती घेऊन या. हाय नव्हं घरात?"

"हाय. पण उभी हाय लय दिवस."

"मग चालवा. आन् आणखी एक ऐका. ती कशी गेली, मला कुणी धड सांगितलं न्हाई. पोरं म्हणत्यात, आई तू रडतीस, कशाला. मला तुमच्या तोंडनं ऐकायचंय. तुमी होता तिथं."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. गाडी मी उगाच उभी केली नव्हती. त्या मागच्या सीटकडं मला बघवत नव्हतं. आणि मामींपुढं बसून ते सगळं सांगायचं, ते तर मी टाळतच आलो होतो. पण म्हातारी आता कितीशी राहणार. नाही म्हणालो असतो तर त्या न येताच गेल्या असत्या आणि ते माझ्या डोक्यावर राहिलं असतं.

तर सकाळी शेडमध्ये गेलो. ताडपत्री काढली. किल्लीवरचं बटण दाबलं, गाडी गप्प. एरवी दोन्ही बाजूचे दिवे लुकलुकतात आणि दार उघडतं. मला वाटलं, किल्लीतला सेल गेला. मग किल्लीचं पातं दाराच्या भोकात घालून फिरवलं, दार उघडलं. आत बसलो. किल्ली फिरवली, समोरचे दिवे मिणमिण लागले, टकटकटक असा आवाज आला आणि सगळं विझलं. परत फिरवली, तर तेवढंही नाही.

मी म्हणालो, ठीक आहे, हे आपल्याला कळतं. आमच्या ट्रॅक्टरची बॅटरी आयुष्यात पन्नासदा बसली. दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढायचं, गिअर टाकायचा, क्लच सोडायचा, धडधडायला लागतो. पुतण्याला हाक मारली. तो शेजारीच राहतो, चाळिशीचा आहे, त्याच्याकडं ट्रॅक्टर आहे आणि आमच्यासारखीच एक गाडी आहे. कारखान्याचं गाळप संपलेलं, त्यामुळं माणूस रिकामा.

तो साखळी घेऊन आला. येताना चार लिंबं पण आणली.

"हे काय?"

"चाकाखाली, नाना. नवमीला पूजा झाली न्हाई तिची. रुसली आसल."

"गाडी रुसती व्हय रं?"

"आवं, बायकू रुसती तर गाडीला काय?" बोलून गेला आणि जीभ चावली. मी लिंबं ठेवू दिली.

हँडब्रेक सोडला, ट्रॅक्टरला साखळी बांधली, त्यानं ओढलं. लिंबं फुटली. गाडी हलली, पण मागची चाकं फिरतच नव्हती. मातीत दोन रेघा ओढत ती आपली सरकत होती. मग धाड करून एक मोठा आवाज झाला, मला वाटलं काहीतरी तुटलं. पण चाकं फिरायला लागली. मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. गाडीला एक हिसका बसला, एवढंच. तिला सुरू व्हायचं मनातच नव्हतं. स्टेअरिंग दगडासारखं जड, ब्रेक दाबला तर पाय आत जाईना. कशीबशी बांधाच्या आधी थांबवली.

पुतण्या ट्रॅक्टरवरनं ओरडला, "नाना, आजून जोरात ओढू का?"

"आता ओढलीस तर हिरीत जाईल. उतर खाली."

मग पलूसच्या इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो गाड्यांचं वायरिंग आणि बॅटऱ्या बघतो. माणूस बोलघेवडा, आपल्याच कामाची तारीफ आपणच करणारा. मोटरसायकलवर मागं एक बॅटरी बांधून आला. आल्या आल्या त्या रेघा बघितल्या, फुटलेली लिंबं बघितली आणि हसायला लागला.

"ट्रॅक्टरनं ओढली व्हय?"

"मग काय डोक्यावर घ्यायची?"

"आवं नाना, तुमच्या जुन्या ट्रॅक्टरचा पंप यंत्रानं चालतो. त्याला करंट लागत न्हाई. ओढला की झाला सुरू. हिला आधी करंट लागतो. पेट्रोलचा पंप करंटवर, आतला कंप्युटर करंटवर. बॅटरी पार मेल्यावर कराडपर्यंत ओढली आसती तरी सुरू झाली नसती."

"आन् तो धाड आवाज?"

"हँडब्रेक लावून ठेवलावता न्हवं? आत ओलसर हवेनं गंज धरतो, ब्रेक चिकटून बसतो. तो सुटला. उभी ठेवायची तर गिअरमध्ये ठेवायची आन् चाकाला दगड लावायचा. हँडब्रेक न्हाई."

मी सांगितलं, मी काही तिला अगदीच टाकलेली नव्हती. सुरुवातीला दर शनिवारी जाऊन ताडपत्रीखालीच सुरू करायचो, मिनिटभर, आणि बंद करायचो. पुढं पुढं जायचा कंटाळा आला.

"तेच नडलं," तो म्हणाला. "सुरू करायला बॅटरीतनं लय जातं. मिनिटभरात ते भरून येत न्हाई. दर शनवारी तुमी काढत गेला, घालत काहीच न्हाई."

त्यानं आपली बॅटरी खाली ठेवली. लाल वायर तिच्या लाल टोकाला आणि आमच्या लाल टोकाला. काळी वायर त्याच्या बॅटरीला, आणि दुसरं टोक आमच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला. ठिणगी बॅटरीजवळ पडू नये म्हणून, असं म्हणाला. मग किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली.

आणि समोर नुसती दिवाळी. लाल, पिवळे, इतके दिवे लागले की मी हात मागं घेतला. काही थोड्या वेळात गेले. काही राहिले. घड्याळ बारा वाजले म्हणत होतं, तेव्हा उन्हं नुकती वर आली होती.

आता हे सांगितलं पाहिजे. दिवे ओळखायचं काम हिचं होतं. ती सातवी झालेली. गाडी आली त्या दिवशी तिनं गाडीबरोबरचं पुस्तक चष्मा लावून वाचून काढलं आणि दिव्यांना आपली नावं दिली. गोल कंस असलेला ती बांगडी म्हणायची. गाडी आणि मागं नागमोडी रेघा असलेला, तो दारुडा. खाली बसका आणि मध्ये उद्गारवाचक खूण असलेला, ती कढई. मी नुसतं विचारायचो, "हे काय पेटलंय?" ती वाकून बघायची. "कढई हाय. हवा कमी हाय चाकात. चला, पंपावर." माझं काम चालवायचं, तिचं काम बघायचं. चाळीस-पन्नास वर्षं सगळं तसंच चाललं होतं, नुसतं गाडीचंच नाही.

आता बांगडी, दारुडा, कढई आणि एक स्टेअरिंगचं चाक, चौघंही पेटून बसलेले. मला नावं माहीत, पण त्यातलं कुठलं पेटल्यावर मामींना गाडीत बसवायचं आणि कुठलं पेटल्यावर नाही, ते माहीत नव्हतं.

इलेक्ट्रिशियनला विचारलं. तो म्हणाला, "करंट लय खाली गेला की सगळी मंडळी बोंबलत्यात. खराब झालंयच आसं न्हाई. स्टेअरिंग ह्या टोकाला फिरवा, पार. आता त्या टोकाला. आता सरळ. तिला मधलं कुठलं त्याचा विसर पडलाय. आता रस्त्यावर चला जरा."

मी तसं केलं. तो शेजारी बसला. पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर खरखर आवाज आला, तो म्हणाला चकतीवरचा गंज घासतोय, जाईल. पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो तोवर चाक विझलं. मग बांगडी आणि दारुडा बरोबरच गेले. कढई तेवढी राहिली.

"ती जाणार न्हाई," तो म्हणाला. "ती खरं बोलतीया. चाकं बघा की बसलेली. आन् नाना, एक ध्यानात ठेवा. पिवळा दिवा म्हणजे बघून घ्या. लाल म्हणजे थांबा, एक पाऊल पुढं जायचं न्हाई."

परत येऊन त्यानं आमची बॅटरी आपल्या मीटरवर तपासली आणि मान हलवली. इतके महिने रिकामी पडलेली बॅटरी भरली तरी धरणार नाही, पाटणला जाऊन बंद केली तर परत सुरू व्हायचा भरवसा नाही. मी म्हणालो, नवी घाल. तो आणायला पलूसला गेला.

तो गेल्यावर पुतण्यानं आत डोकं घातलं. "नाना, ह्या कढईचं मला म्हाईत हाय. माझ्या गाडीला पण हाय ह्ये." किल्ली चालू करून त्यानं स्टेअरिंगच्या डाव्या अंगाचं एक बटण दाबून धरलं. दिवा दोन-तीनदा लुकलुकला आणि विझला. "झालं! जावा आता बिनघोर."

मी खाली उतरलो. मागच्या डाव्या चाकाला लाथ मारली. मऊ. खालच्या बाजूला फुगून बसलेलं.

"दिवा विझला म्हणून हवा आली का रं?"

"न्हाई, पण दिवा तर गेला."

"तू तिला सांगितलंस, ही आसली चाकंच बरोबर हायत म्हणून. आता ती कशाला बोलती?"

मी त्याच्यावर चिडलो नव्हतो. तिच्या माघारी सगळे माझ्याशी तसंच वागत होते. जेवला का, झोपला का, मग झालं, बरं आहात. मीपण हो हो म्हणत होतो.

नवी बॅटरी बसली. जुनी काढताना काळी वायर आधी, नवी लावताना काळी शेवटी. गाडी एका झटक्यात सुरू झाली. पंक्चरच्या दुकानात जाऊन चारी चाकांत हवा भरली. तिथला माणूस आम्हा ट्रॉलीवाल्यांच्या सवयीनं दगडासारखी भरायला निघाला होता. मी दाराच्या चौकटीवरचा कागद त्याला दाखवला, त्यावर आकडा असतो. हे हिनंच मला एकदा दाखवलेलं. त्या आकड्याला भरली आणि मग ते बटण पुन्हा दाबलं, आता खरं सांगून.

दुसऱ्या दिवशी ताकारी, कराड करून पाटणला गेलो. दिवा एकही नाही. मागच्या सीटकडं बघायचं नाही म्हणून वरचा आरसा जरा तिरका करून ठेवला होता. कराडच्या पुढं मागनं एक ट्रक हॉर्न मारत आला तेव्हा तो सरळ करावा लागला.

मामी दारात तयार बसल्या होत्या. लुगडं, काठी, मांडीवर पिशवी. बारक्या झाल्या होत्या. मी पुढचं दार उघडलं.

"ती कुठं बसलीवती?"

"मागं."

"मग मी मागं बसती."

"मामी, मागं पाय लांब करता येत न्हाई. खुबा दुखंल."

"आवं दुखू द्या. आता काय ठिवायचाय तो?"

मागच्या सीटवर चढवायला त्यांच्या धाकट्या मुलानं आणि मी दोघांनी धरलं. आरशात त्यांचं कपाळ दिसत होतं. मल्हारपेठ जवळ आलं तरी त्या काही विचारत नव्हत्या आणि मी काही सांगत नव्हतो. आणि तेवढ्यात कढई पेटली.

मी शेजारच्या सीटकडं बघितलं. सवय. तिथं मामींची पिशवी.

"काय झालं?" मागनं आवाज आला.

"चाकात हवा कमी झालीया. पिवळा हाय. बघून घ्यायचं."

मी वेग कमी केला, कडेकडेनं चालवत राहिलो. रस्त्याकडेला टायरचं दुकान दिसलं तिथं घेतली. दुकानदारानं प्रेशर बघितलं. मागचं डावं बरंच उतरलेलं, बाकी तीन बरोबर. साबणाचं पाणी टाकलं, खिळा नाही, काटा नाही. व्हॉल्वच्या बुडाशी मात्र बारीक बुडबुडे येत होते.

"उभी होती का लय दिवस? रबर वाळून चिरलंय. नवं घालायचं तर टायर सोडवावा लागंल. बसा तवर."

मामींना उतरवून बाकड्यावर बसवलं. कडुलिंबाची सावली होती. दुकानदाराच्या बायकोनं पाणी आणून दिलं. आत टायर रिंगवरनं सोडवायचं यंत्र सुस्कारे टाकत होतं.

मामी म्हणाल्या, "आता सांगा."

मी म्हणालो, "घरी गेल्यावर सांगतो."

"घरी बायका गोळा व्हतील. तिथं मला रडावं लागंल. इथं सांगा."

मग सांगितलं. मला गोड करून सांगता येत नाही. पहाटे तिला धाप लागली. आधी ती म्हणाली, डेअरीला दूध घालून येऊ, मग बघू. मी तिला उचलून मागं निजवली. तासगावच्या पुढं ती म्हणाली, एसी बंद करा, गार लागतंय. एसी चालू नव्हताच. मी बटण दाबल्यासारखं केलं आणि म्हणालो, केला. ती म्हणाली, आता बरं वाटतंय. सांगलीत दवाखान्यात नेल्यावर लगेच आत घेतलं, नळ्या लावल्या, मग बोलणं झालं नाही. आठवडाभर होती. मी हात धरून बसायचो. शेवटी हात गार झाला तेव्हा मला कळलं, मशीनला नंतर.

"माझं नाव काढलं का?"

"गाडीत काढलं. म्हणाली, आईला आत्ता सांगू नका, तिचा पाय बांधलाय, उठायला बघंल."

मामींनी पदर तोंडाला लावला. रडल्या नाहीत.

"तुमी लबाड न्हाई," त्या म्हणाल्या. "पोरं म्हणाली, झोपेतच गेली, काही त्रास झाला न्हाई. मला तवाच कळलं खोटं हाय. माझी पोर कवा एवढी गप राहिली व्हती?"

दुकानदार आला. चाक बसवलं, हवा भरली, मला म्हणाला, बटण दाबा. मी दाबलं. त्यानं बाकीच्या तीन चाकांचे व्हॉल्व पण पाहिले. म्हणाला, हेही त्याच वयाचे आहेत, सवडीनं बदला. मी म्हणालो, आत्ताच बदल. मामी म्हणाल्या, बदला, आमाला घाई न्हाई. चारही होईपर्यंत त्यांनी मला हिच्या लहानपणीच्या दोन-तीन गोष्टी सांगितल्या. एक मला माहीत नव्हती. लग्नाच्या आधी मला चोरून बघून आली होती म्हणे, आणि घरी येऊन म्हणाली होती, तोंडाळ हाय पण खोटं बोलणार न्हाई.

घरी पोचलो तेव्हा दुपार झालेली. गल्लीतल्या बायका जमल्याच होत्या. मामींना दारात उतरवलं. उंबऱ्यात पाय ठेवला आणि त्यांनी जो हंबरडा फोडला तो मारुतीच्या देवळापर्यंत गेला असेल. बायकांनी धरलं. आत एकच गलका.

इतके दिवस मला ह्याच आवाजाची भीती होती. मी गाडी शेडकडं न्यायला वळलो. पुतण्या म्हणाला, "नाना, किल्ली द्या, मी लावतो. तुमी आत जावा."

किल्ली त्याला दिली. आत जाऊन मामींच्या शेजारी भिंतीला टेकून बसलो. त्यांनी रडता रडताच माझा हात ओढून घेतला आणि आपल्या मांडीवर दाबून धरला.